गुन्हेगारी कादंबरीतली 'आतली' भाषा : खरी किती, बनावट किती?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, पहिलीच कादंबरी लिहितोय. काळ १९९४, जागा मुंबईतल्या तुरुंगातली कच्च्या कैद्यांची बराक. कथानक जमलंय, माणसं जमली आहेत, पण ती तोंड उघडतात तेव्हा घोळ होतो. एक तर ती माझ्यासारखी बोलतात, नाहीतर सिनेमातल्या व्हिलनसारखी. तुरुंगातली आणि टोळ्यांमधली खरी भाषा मिळवायची कुठून? आणि मिळालेला शब्द खोटा किंवा शिळा नाही हे ओळखायचं कसं? नमुना म्हणून एक तुकडा देतोय, बिनधास्त चिरफाड करा.

*नवं पोरगं बराकीत आलं तसा अण्णा उठून बसला. "काय रे, कशात आलास?"*
*"मोक्का लागलाय. खून केला."*
*"सुपारी कितीची?"*
*"पाच पेटी, म्हणजे पाच लाख. पण खबऱ्याने टीप दिली. अंडरवर्ल्डमध्ये असंच चालतं."*
*"फिकर नको. आधी पॅरोल काढू. मग भाईला मोबाईल लावू."*

---

झणझणीत

पेटी, खोका, घोडा, सुपारी, भाई, पंटर, गेम. सात शब्द झाले. प्रत्येक पानावर तीनदा टाका, कादंबरी तयार.

---

पायरीवरचा

बोरूबहाद्दर, मी बरीच वर्षं सेशन्स कोर्टात बातमीदारी केली. तुमच्या तुकड्यात शब्द खोटा असा एकही नाही. पण १९९४ साल धरलं तर यातले तीन शब्द तिथे असूच शकत नाहीत, आणि एक शब्द त्या पोराच्या तोंडी शोभत नाही.

मोक्का हा कायदा १९९९ चा. १९९४ च्या बराकीत तो शब्द म्हणजे शिवाजीमहाराजांच्या नाटकात मनगटी घड्याळ. त्या वर्षी टोळीतल्या पोराला धाक होता तो दहशतवादविरोधी टाडा कायद्याचा. मोबाईल आपल्याकडे १९९५ मध्ये सुरू झाला आणि नंतरही काही वर्षं तो श्रीमंतांच्याच हातात होता. १९९४ चा भाई भेटायचा तो लँडलाईनवर किंवा निरोप्यामार्फत. पॅरोलचं तर साल बदलूनही भागणार नाही, कारण पॅरोल आणि फर्लो शिक्षा झालेल्याला मिळतात, त्याचे नियम १९५९ पासूनचे आहेत. खटला चालू असलेला कच्चा कैदी जामीन मागतो. बराकीत मुरलेला अण्णा ही चूक करेल? आत आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दुसरं काही कळो न कळो, जामिनाचं सगळं कळतं. त्यात टाडा असेल तर जामीन जवळपास मिळतच नसे, म्हणजे अण्णाचं "फिकर नको" हेही पोकळ. तो काय म्हणेल ते तुम्ही ठरवा, पण दिलासा देणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की 'आतल्या' भाषेतले निम्मे शब्द कायद्याच्या आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरातून आलेले असतात. टाडा, मोक्का, एमपीडीए, तडीपार, पीसीआर, एमसीआर, तारीख. अशा शब्दाला जन्मतारीख असते आणि ती शोधता येते. एमपीडीए हा गुंडांना स्थानबद्ध करायचा कायदा १९८१ चा. तडीपारीची तरतूद १९५१ च्या पोलीस कायद्यातली आहे, त्यामुळे तडीपार शब्द तुम्ही साठच्या दशकातल्या पात्राला दिला तरी चालेल. आधी हे शब्द तपासा. पेटी-खोक्याकडे नंतर या.

---

टिप्पणीसम्राट

पायरीवरचा यांच्याशी सहमत. आणखी एक भर. टाडा मे १९९५ मध्ये संपला. त्यामुळे १९९५ नंतरच्या कुठल्याही कथेत टाडा दिसला की लेखक झोपलाय असं समजावं. मी एका कथास्पर्धेचा परीक्षक होतो तेव्हा याच कारणाने एक कथा बाद केली होती.

---

पायरीवरचा

अरेरे, त्या कथेवर अन्याय झाला की हो! मुदत संपली ती कायद्याची. आधी दाखल झालेले खटले त्याच कायद्याखाली पुढे चालले. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये दिला. म्हणजे २००५ सालच्या कथेत एखादा पन्नाशीचा कैदी "मी टाडावाला" म्हणत असेल तर ते अगदी बरोबर. उलट त्याच्या शेजारचा पंचविशीचा पोरगा "मोक्कावाला" असेल. एका बराकीतल्या दोन पिढ्या नुसत्या कायद्याच्या नावावरून वेगळ्या दिसतात. शब्दाला जन्मतारीख असते तशी मरणतारीख मात्र सहसा नसते, माणूस जिवंत आहे तोवर शब्द चालतो.

---

टिप्पणीसम्राट

तरी ती कथा वाईटच होती.

---

सुमती_देव

आजकालच्या लेखकांना शिव्यांशिवाय लिहिताच येत नाही का? प्रश्न चांगला मांडलाय, पण 'आतली भाषा' म्हणजे शिव्या असं समीकरण झालंय. आमच्या वेळी लेखक फुल्या घालायचे आणि तरी खलनायक भीतिदायक वाटायचा.

---

झणझणीत

काकू, इथे शिव्या अजून कुणी दिलेल्याच नाहीत. टिप्पणीसम्राटांनी त्या कथेला दिली असेल ती मनात.

---

रात्रपाळी

सुमतीताईंचा रोख वेगळा असला तरी एक गोष्ट त्यातून निघते. शिवी कधी शिळी होत नाही, म्हणून लेखक तिच्यावर विसंबतात. पण शिवीने पात्र कुठल्या धंद्यातलं आहे हे कळत नाही. ट्रकवाला, शेअर दलाल आणि शूटर एकच शिवी देतात.

---

उलथापालथ

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण धाग्याला लागून आहे. मी हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'चं मराठी रूपांतर करतेय (हौसेखातर, छापायला नाही). त्यात स्पेड हा गुप्तहेर एका पोरगेल्या पिस्तूलवाल्याला 'गनसेल' म्हणतो. माझ्या शब्दकोशात अर्थ 'बंदूकधारी गुंड'. मी तसंच लिहून मोकळी झाले. मग कळलं की शब्दाचा बंदुकीशी काही संबंधच नाही. तो यिडिशमधून आला, मूळ अर्थ हंसाचं पिल्लू, आणि भटक्या-कैद्यांच्या बोलीत तो वयस्क पुरुषाने शरीरसुखासाठी बाळगलेल्या पोराला वापरत. कथा १९२९-३० मध्ये 'ब्लॅक मास्क' मासिकात आली. तिथला संपादक शॉ असले शब्द कापण्यात पटाईत होता. त्याच मासिकात लिहिणाऱ्या गार्डनरने पुढे सांगितलंय, की हॅमेटने मुद्दाम हा शब्द पेरला आणि संपादकाला तो पिस्तुलाशी जोडलेला वाटल्यामुळे तो सुटला. त्यानंतर दुसऱ्या लेखकांनी हॅमेटला प्रमाण मानून 'गनसेल' म्हणजे भाडोत्री बंदूकबाज असं लिहायला सुरुवात केली. आज कोशातही दोन्ही अर्थ आहेत.

आता प्रश्न असा की मी काय लिहू? आणि बोरूबहाद्दरांसाठी प्रश्न असा, की सगळ्यांनी चुकीचा वापरला म्हणून शब्द खरा होतो का?

---

रात्रपाळी

खरा होतो, पण त्या दिवसापासून पुढे. हॅमेटच्या पात्राच्या तोंडी जुनाच अर्थ हवा, कारण त्याला तो माहीत होता आणि टोमणा त्यातच आहे. १९५० च्या कुठल्या कादंबरीत बंदूकबाज अर्थाने आला असेल तर तिथे बंदूकबाजच. तुझ्या रूपांतरात त्या अर्थाचा एखादा बोचरा मराठी शब्द शोध आणि 'बंदूक'चा वासही येऊ देऊ नकोस.

बोरूबहाद्दर, हेच आपल्याकडे घडतं. लेखक एकमेकांचं वाचून लिहितात. दहा कादंबऱ्यांत सापडलेला शब्द म्हणजे दहा पुरावे असं वाटतं, पण नऊ जणांनी पहिल्याची नक्कल केलेली असते. इंग्रजीत चोरट्या बोलीचे कोश सोळाव्या शतकापासून असेच तयार झाले, प्रत्येक संग्राहकाने आधीच्याचे शब्द उचलले, आणि कित्येक शब्द माणसांच्या तोंडातून गेल्यावरही कोशात जगत राहिले.

---

पायरीवरचा

+१. मी पडताळणी करायचो ती अशी. शब्द तीन वेगवेगळ्या वाटांनी आलाय का? समजा एकदा त्या वर्षाच्या वर्तमानपत्रात, एकदा कोर्टाच्या कागदात, एकदा त्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडून. तिन्ही वाटा शेवटी एकाच सिनेमापाशी जात असतील तर तो एकच पुरावा धरायचा. आणि सिनेमाच्या आधीची नोंद सापडते का ते बघायचं.

---

भिडू_नं_१

पण दादा, पोरं सिनेमा बघूनच बोलतात ना! आमच्या गल्लीतला एक जण दोनदा आत जाऊन आला. तो बोलतो ते शंभर टक्के पिक्चरचे डायलॉग. मग सिनेमाचा शब्द खोटा कसा?

---

पायरीवरचा

मुद्दा बरोबर आहे. म्हणून साल महत्त्वाचं. सिनेमाच्या आधी तो शब्द खोटा असेल, दोन-चार वर्षांनी खरा. पण तुमच्या गल्लीतला तो माणूस बाहेर तुम्हाला ऐकवायला तसं बोलतो. आपल्या जोडीदाराशी कामाचं बोलताना तो तसाच बोलत असेल याची मला खात्री नाही.

---

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. टाडा मान्य, मोबाईल गेला, पॅरोल गेला. 'अंडरवर्ल्ड' मात्र ठेवणार आहे. तेव्हाच्या सगळ्या वर्तमानपत्रांत तो शब्द होता. शिवाय पायरीवरचा, तुम्ही म्हणता ते 'कोर्टाचे कागद' मला कुठे आणि कसे मिळणार? आणि त्यात ही भाषा असते का?

---

पायरीवरचा

अंडरवर्ल्ड वर्तमानपत्रांत होता कारण तो आम्हा बातमीदारांचा शब्द. लिहिणारा बाहेर उभा राहून खाली बघतो, म्हणून 'अंडर'. आत असलेला माणूस स्वतःच्या जगाला खालचं जग का म्हणेल? तो म्हणेल कंपनी, टोळी, आपली माणसं, धंदा. तुमच्या कादंबरीत एखादा पत्रकार किंवा वकील असेल तर हा शब्द त्याला द्या. नव्या पोराच्या तोंडी नको. ठेवायचाच असेल तर तुमची मर्जी.

कागदांचं सांगतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे निकाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. पण त्यातल्या भाषेचे थर ओळखावे लागतात. पोलिसांपुढचा जबाब वाचलात तर आरोपी म्हणतो, "सदर इसमाने मला सदर ठिकाणी बोलावून नमूद रक्कम दिली." आता कुठला शूटर 'नमूद' म्हणतो? तो लिहून घेणाऱ्या हवालदाराचा शब्द. टाडाखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा धरला जाई, म्हणून तसे जबाब भरपूर आहेत, पण त्यातही साचा पोलिसांचाच. त्यातून क्रम घ्या, कोण कुणाला भेटला, निरोप कसा गेला, हत्यार कुणी ठेवलं. भाषा घेऊ नका.

भाषा हवी तर मोक्काच्या खटल्यांत शोधा. त्या कायद्यात फोन चोरून ऐकण्याची तरतूद आहे, आणि ध्वनिमुद्रित संभाषणं शब्दशः उतरवून कोर्टात येतात. निकालात त्यांचे तुकडे असतात. ते वाचलेत तर पहिला धक्का हा बसेल की सांकेतिक शब्द फार थोडे असतात. बहुतेक बोलणं "तो आला काय", "ते काम", "त्याला सांग", "सामान दिलं का" असंच. बाहेरच्याला काही कळू नये म्हणून नवा शब्द लागतोच असं नाही, सर्वनामं पुरतात. ऐकणाऱ्याला आधीच सगळं ठाऊक असतं.

पण हे कागद १९९९ नंतरचे, तुमची कथा १९९४ ची. एवढा फरक मनात ठेवूनच वापरा.

---

मैफल_आर्ट्स

अवांतर : आमचा ऑर्केस्ट्रा आहे. आम्ही दर मोसमात वीस-पंचवीस सुपाऱ्या घेतो, बँकेतल्या साहेबांसमोर फोनवर "सुपारी पक्की झाली" म्हणालो की ते खुर्ची मागे सरकवतात.

---

झणझणीत

ॲडव्हान्स घेऊन कामाला न जाणारे दोन्हीकडे असतात का?

---

मैफल_आर्ट्स

आमच्याकडे ढोलकीवाला असतो तसा.

---

वर्गशिक्षक

मी काही काळ एका तुरुंगात साक्षरतेचे वर्ग घ्यायला जात असे, म्हणून लिहितो. पहिल्या आठवड्यात मी वही घेऊन बसलो आणि विचारलं, तुमचे खास शब्द सांगा. पोरांनी धडाधड तीसेक शब्द सांगितले. मी खूश. पुढच्या आठवड्यात त्यातले काही मी बोलण्यात वापरले तर अख्खा वर्ग हसून लोळला. निम्मे शब्द त्यांनी तिथल्या तिथे रचले होते, आणि दोन तर माझ्यावरच होते.

त्यानंतर विचारणं सोडलं, नुसतं ऐकू लागलो. जे रोज ऐकू यायचं ते फार साधं होतं. तारीख, मुलाकात, जामीनदार, मनीऑर्डर, कॅन्टीन, झडती, बंदी, माफी. तारखेला गेलेला माणूस परत आला की सगळे विचारणार, "काय झालं?" आणि तो म्हणणार, "तारीख." म्हणजे पुढची तारीख पडली, बाकी काही नाही. 'माफी' म्हणजे क्षमा नव्हे, शिक्षेत मिळणारी सूट, आणि तिचा हिशोब प्रत्येकाला तोंडपाठ. माफी फक्त पक्क्या कैद्याच्या तोंडी. बाहेरचा लेखक हत्याराचे दहा शब्द गोळा करतो, पण आत हत्यार कुठे असतं? आत असतो वेळ. शब्दही वेळेभोवतीचेच.

आणखी एक. नवा माणूस आला की "कशात आलास?" हे विचारतात, ते बोरूबहाद्दर यांनी अचूक पकडलंय. पण उत्तर "खून केला" असं कुणी देत नसे. उत्तर कलमाच्या आकड्यात. "तीनशे दोन." "तीनशे सात." त्यात आपण केलं की नाही याचा कबुलीजबाब नसतो, पोलिसांनी काय लावलं एवढंच असतं. कच्चा कैदी तर जपूनच बोलतो, बराकीत खबरी असतातच.

---

उलथापालथ

वर्गशिक्षक, तुमचा किस्सा वाचून मॉरर आठवला. लुईव्हिल विद्यापीठातला भाषेचा प्राध्यापक. ठकांवरचं त्याचं पुस्तक १९४० चं, खिसेकापूंवरचं १९५५ चं. तो नुसते शब्द जमवत नसे. आधी खिसा कापायची पद्धत समजून घ्यायची, टोळीत कोण काय करतो, कोण गिऱ्हाईक अडवतो, कोण हात घालतो, कोण माल घेऊन निघून जातो. मग प्रत्येक कामाला काय म्हणतात ते विचारायचं. कामाशी न जुळणारा शब्द आपोआप उघडा पडतो. तुमच्या पोरांनी रचलेले शब्द त्याच्यासमोर टिकले नसते असं वाटतं.

---

वर्गशिक्षक

तुम्हाला ती पोरं माहीत नाहीत. त्यांनी त्याला न होणारं कामही समजावून सांगितलं असतं.

---

जुनापुराणा

मराठीत तुरुंगाच्या शब्दांचा उत्तम साठा आहे आणि कुणी नाव काढत नाही. सावरकरांचं 'माझी जन्मठेप', १९२७. राजकारण बाजूला ठेवून नुसती भाषा बघा. चालान म्हणजे काळ्या पाण्यावर रवाना होणारी कैद्यांची तुकडी, कोलू म्हणजे तेलाचा घाणा, मग वॉर्डर, जमादार, टिंडाल, पेटी ऑफिसर. हे शेवटचे चार म्हणजे कैद्यांमधूनच नेमलेल्या अंमलदारांच्या पायऱ्या. टिंडाल हा शब्द मुळात जहाजावरच्या तांडेलाचा. आता कुणी १९९४ च्या कादंबरीत टिंडाल घालू नका म्हणजे झालं. पण १९१५ च्या अंदमानावर लिहायचं असेल तर यापेक्षा खात्रीचा मराठी कागद नाही, कारण माणूस तिथे दहा वर्षं होता.

त्याही मागे जायचं तर ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये ठगांच्या 'रामासी' बोलीचा कोश छापला. मात्र ते शब्द सांगणारे माफीचे साक्षीदार होते, म्हणजे बोललो नाही तर फास. इथेही पायरीवरचा म्हणतात तो थरांचा प्रश्न आलाच. इतिहासकार त्यावर अजून भांडतात.

---

भिडू_नं_१

पेटी ऑफिसर म्हणजे लाख रुपयेवाला ऑफिसर का?

---

जुनापुराणा

पेटी म्हणजे इंग्रजीतला 'लहान'. तुमच्या पेटीशी काही देणंघेणं नाही. पण मोह होतो खरा.

---

कल्पनाविलासी

मी उलट बाजूने बोलतो. एवढी उठाठेव कशाला? स्वतः शब्द बनवा. अमेरिकन रहस्यकथाकार चँडलर म्हणायचा की बोलीतले दोनच प्रकार कामाचे, भाषेत पक्के रुजलेले आणि लेखकाने स्वतः घडवलेले. बाकीचे छापून येईपर्यंत शिळे होतात. मरणाला 'मोठी झोप' हे त्याचं स्वतःचं कारागिरीचं काम. पुढे यूजीन ओनीलने आपल्या नाटकात तेच शब्द असे वापरले, जणू गुन्हेगार खरंच तसं म्हणतात. चँडलरला त्याची गंमत वाटली होती. म्हणजे बनवलेला शब्द खऱ्याहून खरा ठरला.

---

पायरीवरचा

चँडलरला ते जमलं कारण 'मोठी झोप' कुणालाही पहिल्या वाचनात कळते. ती बोली नाही, ती प्रतिमा आहे. तुम्ही जर पिस्तुलाला 'झुंबर' म्हणालात आणि तळटीप दिलीत की टोळ्यांमध्ये असं म्हणतात, तर ते खोटं. काल्पनिक शहर असेल तर खुशाल. पण १९९४, मुंबई, टाडा असं साल-गाव-कायदा सांगितल्यावर वाचक तुम्हाला साक्षीदार समजतो.

---

कल्पनाविलासी

कादंबरीकार साक्षीदार नसतो हो. तुम्ही अजून कोर्टातच बसलाय.

---

पायरीवरचा

असेन. पण खऱ्या कायद्याचं नाव लेखकाने स्वतःच घेतलंय.

---

रात्रपाळी

दोघांच्या मधलं सांगू का? टोळी लहान असेल तर चार माणसांचा आपसातला एखादा शब्द लेखकाने बनवायला हरकत नाही. खऱ्या आयुष्यातही चार मित्रांचे असे शब्द असतात. फक्त तो त्या चौघांबाहेर कुणाच्या तोंडी येता कामा नये, आणि तो कसा पडला हे कथेत कुठेतरी दिसावं. सगळ्या शहराच्या नावावर तो खपवू नये.

---

कल्पनाविलासी

हे पटतंय. निम्मं.

---

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

तुकडा पुन्हा लिहिलाय. 'पाच पेटी, म्हणजे पाच लाख' हे वाक्य मलाच खटकत होतं, दोन जाणकार एकमेकांना अर्थ का सांगतील? पण वाचकाला कळलं पाहिजे. म्हणून असं केलं.

*नवं पोरगं बराकीत आलं. अण्णाने जागा करून दिली नाही, फक्त पाय आखडले.*
*"कशात?"*
*"तीनशे दोन." मग थोड्या वेळाने, "आणि टाडा."*
*अण्णा काही बोलला नाही. कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "वकील?"*
*"भाई देणार आहे."*
*"काम कितीचं होतं?"*
*"पाच पेटी बोलले होते. आईच्या हातात वीस हजार पडले."*
*म्हातारा हसला. "बाकीचे चार लाख ऐंशी हजार भाईकडे जपून असतील."*

पत्रकाराचं एक पात्र आहे, अंडरवर्ल्ड त्याच्याकडे दिलाय. अगदीच फेकवेना.

---

वर्गशिक्षक

"मग थोड्या वेळाने" हे आवडलं. एकच शंका. पहिल्याच भेटीत पोरगा भाई आणि रक्कम दोन्ही बोलून बसलाय. वर म्हटलं तसं, बराकीत खबरी असतात. एक तर तो कच्चा असल्याचं कुणीतरी त्याला सुनवायला हवं, नाहीतर म्हातारा खबरी निघायला हवा.

---

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

म्हातारा खबरीच आहे. पुढच्या प्रकरणात कळतं. तुम्ही फोडलंत की राव!

---

झणझणीत

टीप दिली कुणी? वर्गशिक्षकांनी. यांनाच आत टाका.

---

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

एक शेवटची अडचण. शेवटचं प्रकरण २०२५ मध्ये आहे. तेच पोरगं आता पन्नाशीत, पुतण्याला भेटायला तुरुंगात जातं. पुतण्यावरही खुनाचाच गुन्हा. आता कलम १०३ झालंय ना? मग पुतण्या "एकशे तीन" म्हणेल की "तीनशे दोन"?

---

टिप्पणीसम्राट

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू. तीनशे दोन संपलं. एकशे तीनच. यात वादाला जागा नाही.

---

पायरीवरचा

आहे. गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर खटला जुन्याच कलमाखाली चालतो, त्यामुळे आज एकाच बराकीत दोन्ही आकड्यांची माणसं आहेत. पुतण्याचा गुन्हा कधीचा ते आधी ठरवा. कागदावर काय असेल ते त्यावरून कळेल.

तोंडात काय असेल ते कागदावरून कळणार नाही. चारशेवीस हा आकडा आता फसवणुकीचं कलम राहिला नाही, तो आकडा तीनशे अठरा झाला. पण म्हणून कुणी भामट्याला "काय तीनशेअठरा माणूस आहे" म्हणायला लागलेलं मी ऐकलं नाही. तीनशे दोनचं तसंच होईल की नवी पोरं एकशे तीन म्हणू लागतील, हे सांगायला अजून लवकर आहे.

---

वर्गशिक्षक

माझा अंदाज, पुतण्या एकशे तीन म्हणेल कारण त्याच्या कागदावर तेच आहे आणि तो रोज ते वाचतो. काका तीनशे दोन म्हणेल. तुम्ही दोघांना आपापला आकडा बोलू द्या.

---

रात्रपाळी

मला वाटतं उलट. आत जुने लोक जास्त, तेच नव्याला भाषा शिकवतात. पुतण्या महिनाभरात तीनशे दोन म्हणायला लागेल. नुकताच अटक झालेला असेल तर एकशे तीन.

---

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

अटक होऊन सहा महिने झालेत.

---

भिडू_नं_१

आमच्या गल्लीतल्या त्या माणसाला विचारून सांगू का? तो सध्या बाहेर आहे.

---

वर्गशिक्षक

विचारू नका. शेजारी बसा आणि ऐका.